मदत हवी आहे: गॅदरिंगला पहिल्यांदाच लाइव्ह, गायिकेला स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही

कॅपो_परभणी

नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. मी ॲकॉस्टिक गिटार, एक जण बेस, एक कीबोर्ड, एक काहोन आणि गायिका. जानेवारीत कॉलेजच्या ग्राउंडवर गॅदरिंग आहे, आम्हाला २५ मिनिटं दिलीत. खोलीत सगळं छान वाजतं. पण गणपतीत एका मंडळापुढं दोन गाणी वाजवली तेव्हा पार वाट लागली. गायिकेला स्वतःचा आवाज ऐकू येईना, म्हणून ती ओरडून गायली आणि सूर चढा लागला. साउंडवाल्याला मॉनिटर वाढवा म्हटलं, तर कूंऽऽ करून शिट्टी वाजली. वर आम्ही सगळे घाबरून पळत सुटलो. मोबाइलच्या रेकॉर्डिंगवर बघितलं तर मिनिटाला ९२ ठोक्यांचं गाणं १०४ ला गेलेलं.

गाण्यांचा क्रम असा ठरवलाय: १) आमचं स्वतःचं गाणं, ४:३०, शेवटी तार सप्तकात जातं. २) अभंग, संथ, ५:१०. ३) हिंदी, ४:००, गिटारला दुसऱ्या पट्टीवर कॅपो. ४) भारूड, ४:२०. ५) लोकगीत, ५:००, पुन्हा कॅपो. एकूण २३ मिनिटं, म्हणजे वेळेत बसतं. साउंड मंडपवाल्याचंच असणार. काय बदलू?

बाजा_जालना

आमच्या मामाचा बँड आहे, तीस वर्षांपासून वरातीत वाजवतात. माइक फक्त गाणाऱ्याला, बाकी पितळ स्वतःच्या ताकदीवर. शिट्टीबिट्टी काही नाही. तारीख सांगा, लग्नाच्या तिथी सोडून दर कमी करून देऊ.

कॅपो_परभणी

दादा, बँड आमचाच आहे, तो आम्हालाच वाजवायचाय 😅

बाजा_जालना

अरे हो का! मग एक सांगतो. मामा पहिलं गाणं कायम तेच घेतात जे पोरं झोपेत पण वाजवतील. नवीन बसवलेलं दुसऱ्या चौकात.

रिव्हर्ब_राजा

सोपं आहे. मॉनिटरचा नाद सोडा, गायिकेला इअरफोन द्या. मोठे कलाकार सगळे कानातच ऐकतात. ब्लूटूथचे घेतले की वायरीची कटकट पण नाही. आणि शिट्टी आली की मिक्सरवर ट्रेबल खाली करा, बंद होते.

साउंडकाका_लातूर

राजा, इअरफोन बरोबर, ब्लूटूथ चूक. ब्लूटूथनं आवाज कानात पोचायला बहुतेक वेळा सेकंदाचा सातवा-आठवा भाग उशीर होतो. बोलताना चालतं, पण गाताना पोरगी स्वतःच्याच मागं धावत राहील. वायरचा इअरफोन घ्यायचा असेल तर एकच कान, दुसरा उघडा, आणि आवाज कमीवरून हळूहळू वाढवायचा. शिट्टी थेट कानात बसली तर वाईट. पहिल्याच कार्यक्रमाला मी हा खेळ करणार नाही.

ट्रेबल खाली केल्यानं शिट्टी कधी जाते, कधी नाही. पण शब्द मात्र नक्की जातात. मग लोक म्हणतात आवाज दबला, की मास्तर पुन्हा फेडर वर ढकलतो आणि शिट्टी परत हजर.

कॅपो, आधी मला हे सांग. गणपतीत मोठे स्पीकर तुमच्या पुढं होते का मागं? आणि गायिका माइक कसा धरते?

कॅपो_परभणी

मागं होते काका, कमानीला टेकून. आणि ती माइक हातात घेते, वरच्या जाळीला मूठ आवळून. व्हिडिओत सगळे तसंच धरतात ना.

साउंडकाका_लातूर

झालं, सापडलं. मी लातूरला पंधरा-सोळा वर्षं कीर्तन, भजन, ऑर्केस्ट्रा सगळं करायलोय. नवशिक्यांचं नव्वद टक्के दुखणं इथंच असतं.

गाण्याचा माइक समोरचं ऐकतो आणि शेपटीकडचं फार कमी ऐकतो. हा फायदा त्या जाळीच्या मागच्या फटींमुळं मिळतो. मूठ आवळली की फटी बुजल्या, मग तो चारी बाजूंनी ऐकायला लागतो आणि शिट्टी लवकर येते. म्हणून माइक स्टँडवरच ठेवा. हातात घ्यायचाच तर खालच्या दांड्याला धरा. ओठ माइकपासून दोन बोटं. पोरगी लाजून एक फूट लांब गेली की मास्तरला आवाज कितीतरी वाढवावा लागतो, आणि सगळा गोंधळ तिथून चालू होतो.

मोठे स्पीकर माइकच्या पुढं हवेत, स्टेजच्या पुढच्या काठाच्याही चार-पाच फूट पुढं. हे कार्यक्रमाच्या दिवशी सांगून होत नाही. मंडप लागतानाच जाऊन सांगायचं, कारण एकदा वायरी टाकल्या की कुणी हलवत नाही. मॉनिटर गायिकेच्या पायापुढं, तिच्या तोंडाकडं वर करून, म्हणजे माइकची शेपटी बरोबर मॉनिटरकडं येते. एखादा माइक बाजूला जास्त ऐकतो, तेव्हा मॉनिटर थोडा तिरका सरकवून बघायचा.

मॉनिटरमध्ये फक्त तिचा आवाज आणि सुराला थोडा कीबोर्ड. काहोन, बेस, गिटार काहीच नको. तुम्ही बाजूलाच वाजवताय, ते तिला तसंच ऐकू येतं. ईको तर अजिबात नको. मंडपवाल्यांना ईको लई आवडतो, लोकांसाठी ठेवू द्या, पण मॉनिटरमध्ये घातला की तिला सूर पकडता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. साउंड चेकला सगळे आधी काहोन नाहीतर गिटार लावतात. तुम्ही तिचा आवाज आधी लावा. तो शिट्टी यायच्या जरा अलीकडं आणून थांबवा. तुमच्या स्टेजचं छत ते. बाकी सगळं त्याच्या खाली बसवायचं. काहोनवाल्यानं मला वाढवा म्हटलं, तर उत्तर नाही.

चौथी_तार

मी संभाजीनगरला कॉलेजात बेस वाजवायचे, आता नोकरी. काकांचं पटलं, एक जोडते. बेसचा ॲम्प जमिनीवर ठेवला की आवाज गुडघ्याला लागतो, कानाला नाही. बेसवाला म्हणतो ऐकू येत नाही आणि वाढवत जातो, पहिल्या रांगेतल्यांचं पोट हलतं. खुर्चीवर ठेवा नाहीतर मागं तिरका टेकवा. अर्ध्या आवाजात काम होतं.

क्रमाबद्दल मात्र माझं वेगळं मत आहे. स्वतःचं गाणं पहिलं ठेवू नका. लोक अजून वडापाव आणायला जात असतात. आणि तार सप्तक पहिल्याच गाण्यात? गळा थंड, जानेवारीची रात्र, त्यात छाती धडधडतेय. तिथं आवाज फाटला की उरलेली वीस मिनिटं तेच डोक्यात राहतं.

कॅपो_परभणी

मग ताई, भारूडानं सुरू करू का? त्यात आम्ही चौघं पण ओढतो, ती एकटी पडत नाही.

साउंडकाका_लातूर

हे बरोबर. पण तुझी २३ मिनिटं २५ मध्ये बसत नाहीत बाळा. निवेदकानं नाव घेतलं की घड्याळ चालू. वायरी लावून प्रत्येक चॅनेल वाजतोय का बघायला पाच मिनिटं धर. गाण्यांच्या मधे पाऊण-पाऊण मिनिट जातंच, त्यात कॅपो लाव, काढ, पुन्हा लाव. म्हणजे एकतीस झाली.

भारूड, मग स्वतःचं, मग हिंदी, मग लोकगीत. कॅपोची दोन्ही शेजारी आली, एकदाच लावायचा. गाणी झाली १७:५०, मधले वेळ सव्वादोन, सुरुवातीचे पाच, म्हणजे पंचवीसच. अभंग सोड. आणि वेळ कापली तर कुठलं गाणं टाकायचं ते आजच ठरवून ठेवा, स्टेजवर एकमेकांकडं बघत बसू नका.

चौथी_तार

अभंग सोडू नये असं मला वाटतं. आपल्याकडं गोंधळ घालणारी पोरं पण अभंगाला गप्प होतात. हिंदी सोडा.

साउंडकाका_लातूर

गप्प होतात, पण गाणं जमलं तर. संथ गाण्यात घाबरलेला गळा लपत नाही. हिला अजून स्टेज नवीन आहे. पुढच्या वर्षी घ्या की.

चौथी_तार

असो, गायिकेला विचारा. आपणच ठरवतोय.

रिव्हर्ब_राजा

आणि ते पळणं? मेट्रोनोम कानात लावा ना.

चौथी_तार

एकालाच क्लिक आणि बाकी चौघं पळाले तर काहोनवाला मधेच फाटतो. क्लिक फक्त सुरुवातीला. काहोनवाल्यानं मोबाइल आवाज बंद करून मांडीशी ठेवायचा, लुकलुकणारा दिवा आठ मात्रा बघायचा, मनात मुखडा म्हणायचा आणि मग काउंट द्यायचा. घाबरल्यावर ९२ आपल्याला रटाळ वाटतं, म्हणून आतून कुणीतरी ढकलतं. दिवा तेवढ्यापुरता खरं सांगतो. मधे पळालात तर पळालात, एकत्र पळा.

आणि गिटार खोलीत लावून सरळ स्टेजवर नेऊ नकोस. परभणीची थंडी लागली की तारा आखडतात, सूर चढतो. वर हॅलोजन तापले की उलटा उतरतो. आधी दहा मिनिटं स्टेजमागं उघड्यावर ठेव, मग लाव. पहिल्या गाण्यात बॅरे कॉर्ड असतील तर टाळ, गार बोटांनी दाबत नाहीत.

कॅपो_परभणी

(तीन आठवड्यांनी)

झालं एकदाचं! स्पीकर पुढं घ्यायला साउंडवाले आधी तयार नव्हते. आम्हीच खांदा लावतो म्हटल्यावर हलवले. तिचा आवाज आधी लावला, दोन बोटांवर गायली. शिट्टी एकदाच आली, तीही निवेदक माइक घेऊन स्पीकरपुढं गेले तेव्हा. भाषणं लांबली आणि आम्हाला ‘पंधरा मिनिटांत आटपा’ म्हणून सांगितलं. लोकगीत टाकायचं आधीच ठरलं होतं, त्यामुळं वेळ गेला नाही. हिंदी चौथ्या मिनिटाला संपवून खाली उतरलो. भारूड थोडं पळालं, पण सगळे एकत्र. स्वतःच्या गाण्यात वरचा सूर लागला.

एकच कोडं राहिलं. मधेच लाइट गेली, जनरेटर चालू केला, आणि तेव्हापासून कीबोर्डच्या चॅनेलला घूंऽऽ असा आवाज. फेडर खाली केला की जायचा. कीबोर्डची वायर बदलून बघितली, तरी तोच.

साउंडकाका_लातूर

कीबोर्डचा अडॅप्टर कुठल्या बोर्डात होता?

कॅपो_परभणी

मागच्या, लाइटिंगवाल्याच्या. मिक्सरचा बोर्ड लांब पडत होता.

साउंडकाका_लातूर

पुढच्या वेळी एक लांब एक्स्टेंशन घेऊन जा, मिक्सरच्याच बोर्डातून. आणि तिला विचार, माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या आल्या होत्या का?

कॅपो_परभणी

विचारलं. म्हणते, दोनदा आल्या, पण भीतीनंच होत असेल असं वाटलं.

साउंडकाका_लातूर

भीती नव्हती ती. अर्थिंगचा दोष आहे. त्या साउंडवाल्याला आजच फोन लाव, उद्या त्याच्या माइकवर दुसरं कुणीतरी गाणार आहे.