'धीर होता' चालेल की नाही? रदीफ-काफियाचा हा काच कुठवर सोसायचा?

पंचवटीचा पक्षी

परवा एका घरगुती बैठकीत गझल वाचली. मतला, म्हणजे पहिला शेर, असा:

पूर गेला, घाट सारा गार होता
पायऱ्यांना पावसाचा भार होता

पुढचा एक शेर:

मी कुठे रे एकटा होतो नदीशी
सोबतीला फक्त थोडा धीर होता

यावर एक ज्येष्ठ म्हणाले, 'काफिया गेला, हा शेर काढा.' वृत्त बरोबर आहे, शेवटी परत परत येणारा रदीफ 'होता' जागेवर आहे, त्याआधीच्या काफियाचा, म्हणजे यमकाचा, र जुळतो आहे. मग गेलं काय? आणि एका शब्दासाठी चांगला शेर का फेकायचा?

कारंजावाला

काहीही गेलेलं नाही. शेवटचं अक्षर जुळलं की काफिया झाला. गार, भार, धीर, सगळ्यांत र आहे. वृत्त सांभाळलंत ना, मग झालं. त्या ज्येष्ठांना नव्यांना टोचायची सवय असेल. आमच्याकडेही आहेत असे दोनतीन.

सानी मिसरा

कारंजावाले, अक्षर जुळणं ही अर्धीच गोष्ट झाली. मतल्याच्या दोन्ही ओळींत 'गार होता', 'भार होता' म्हटलंत, म्हणजे र च्या आधीचा आ सुद्धा बांधून घेतला. तीच अलामत. 'धीर'मध्ये तिथे ई येते. 'गझलेची बाराखडी'त सुरेश भटांनी हे साफ सांगितलेलं आहे, मीही तिथूनच शिकलो.

कानानेही तपासता येतं. मतला ऐकला की श्रोत्याला पक्कं कळतं की आता '-आर होता' येणार. शेराची पहिली ओळ यमकातून मोकळी असते, तिथे तो थांबून राहतो, आणि दुसऱ्या ओळीत '...आर' आलं की 'होता' तो तुमच्याबरोबर म्हणतो. 'धीर'वर तो 'आ' लावून बसलेला असतो आणि तुम्ही 'ई' देता. बैठकीत त्या ओळीला दाद कशी आली ते आठवून पाहा.

तुमचा शेर वाचवायला फार काही करावं लागत नाही:

मी कुठे रे एकटा होतो नदीशी
सोबतीला फक्त हा अंधार होता

वृत्त तेच, गालगागा तीनदा. आणि 'एकटा नव्हतो' म्हणून सोबतीला अंधार सांगितला की पहिल्या ओळीला उलटा पीळ बसतो. (तो 'रे' मात्र भरतीचा आहे, त्याचं काहीतरी करा.)

मुक्तछंदी

हीच कसरत मला पटत नाही. 'धीर' आणि 'अंधार' यांत अर्थाचा किती फरक आहे! कवीला म्हणायचं होतं धीर, आणि तुम्ही त्याच्या तोंडी अंधार घातलात, का तर आ हवा. माझा दुसरा आक्षेप मोठा आहे. पाच-सात शेर प्रत्येक वेळी 'होता, होता, होता'. तिसऱ्या शेरानंतर ऐकणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो. कुसुमाग्रजांच्या गावात राहून आपण शब्द मोजत बसलो आहोत.

गोदाकाठचा वारकरी

पुनरावृत्ती वाईट कशी? अभंगातही ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतंच ना. टाळ वाजतो, ओळ परत येते, कुणी कंटाळत नाही. रदीफ म्हणजे गझलेचं ध्रुवपद.

आणि एक विचारायचं होतं. माझी एक रचना आहे, तिला चाल लावली तर ती गझल म्हणून चालेल का?

सानी मिसरा

चाल लावल्याने गझल होत नाही आणि न लावल्याने जातही नाही, तो प्रश्न वेगळा. ध्रुवपदाशी साम्य ऐकताना वाटतं खरं, पण काम वेगळं आहे. ध्रुवपद स्वतःपुरतं पूर्ण असतं, कडव्यानंतर येऊन उभं राहतं. रदीफ वाक्याच्या पोटात असतो, तो काढला तर वाक्य पडतं. म्हणूनच मुक्तछंदींना जो 'होता' एकसारखा वाटतो तो एकसारखा राहत नाही. याच जमिनीत, म्हणजे हेच वृत्त, काफिया आणि रदीफ ठेवून, एक शेर बांधून पाहिला:

रोज आई भाकरी झाकून ठेवी
कोण जाणे कोण तो येणार होता

मतल्यातला 'होता' एक स्थिती सांगतो: गार होता, भार होता. इथला 'होता' आलाच नाही अशा माणसाबद्दल आहे. उच्चार तोच, व्याकरण बदललं. रदीफ असा वळवता आला तर टिकतो. प्रत्येक शेरात 'अमुक होता, तमुक होता' अशी नामंच टांगली, तर मुक्तछंदींचा कंटाळा खरा आहे.

माझी एक कसोटी आहे. रदीफ झाकून ओळ वाचायची. अर्थ तसाच राहिला तर रदीफ नुसता शेपटासारखा लोंबतो आहे.

सातपूरची शिक्षिका

मी गझल लिहीत नाही, व्याकरण शिकवते. 'होता' हा रदीफ घेतलात म्हणजे पुल्लिंगी एकवचनही घेतलंत, याकडे कुणाचं लक्ष गेलं का? '-आर'च्या यादीतून किती शब्द आपोआप बाद होतात पाहा. दार होतं. धार, तार, तलवार, माघार या सगळ्या होत्या. उरतात भार, वार, आधार, शेजार, बाजार, अंधार. 'हार' तर मजेशीर आहे. गळ्यातला हार होता, पण पराभवाची हार होती. म्हणजे या गझलेत तुम्हाला हारता येणार नाही, फार तर हार घालून घेता येईल.

पंचवटीचा पक्षी

बाप रे, हे डोक्यातच आलं नव्हतं. मग रदीफ 'नाही' घेतला असता तर?

सानी मिसरा

ताई, हे आमच्या कार्यशाळांत कुणी सांगत नाही. 'नाही'ला लिंग नाही, त्यामुळे दार, धार, भार सगळे आत येतात. पण तेव्हा प्रत्येक शेर नकारावर संपतो, आणि सगळे शेर रडके होण्याची भीती असते. शिवाय 'नाही' तुमच्या वृत्तात बसला तरी तुमच्या मतल्यातला ओसरलेला पूर त्यात बसणार नाही, तो 'होता'चाच आहे.

मोकळीक हवी असेल तर ती मतल्यातच घ्यायची. एका ओळीत 'वारा' आणि दुसरीत 'दिवा' असे काफिये घेतले, तर बांधला जातो फक्त शेवटचा आ. मग पसारा, झरा, चेहरा, ओला सगळे चालतात. 'वारा' आणि 'किनारा' घेतलेत की '-आरा'त अडकलात, मग 'चेहरा'सुद्धा बाहेर. मात्र र सारख्या व्यंजनावर संपणाऱ्या काफियात ही सोय नाही. मतल्यातच 'गार' आणि 'धीर' ठेवून सुटका करून घेता येत नाही.

कारंजावाला

मग 'येणार' कसा चालला? उद्या मी मतल्यात 'येणार होता' आणि 'बोलणार होता' घेतो. आर दोन्हीकडे आहे.

सानी मिसरा

चांगलं पकडलंत. मधल्या शेरात एक 'येणार' चालतो, कारण मतल्याने आर ठरवून दिलेला आहे. मतल्यातच दोन्हीकडे 'णार' ठेवलात तर जुळतो तो नुसता प्रत्यय. तो बाजूला केला की 'ये' आणि 'बोल' उरतात, त्यांत काही जुळत नाही. उर्दूवाले याला ईता म्हणतात आणि दोष मानतात. 'करणार' आणि 'मरणार' घेतलेत तर कर-मर जुळतात, तिथे अडचण नाही. मराठीत हा दोष किती कडक पाळावा यावर मात्र आमच्यातच एकमत नाही. मी पाळतो.

मुक्तछंदी

भाकरीचा शेर चांगला आहे, हे मान्य. पण तो एकटाच वाचला तरी तेवढाच चांगला आहे. त्याला घाट आणि पायऱ्यांच्या मतल्याची गरज काय? प्रत्येक शेर स्वतंत्र असतो असं तुम्हीच सांगता, मग एकाच दोरीला बांधता कशाला?

सातपूरची शिक्षिका

एकटा वाचला तर त्यातला 'होता' साधा राहतो. आधी दोनदा 'गार होता', 'भार होता' ऐकलेलं असलं की कानाला आणखी एक नाम हवं असतं आणि तिथे न आलेला माणूस येतो. निदान मला तरी तसं ऐकू आलं.

पंचवटीचा पक्षी

अंधारवाला शेर घेतला. 'रे' काढून 'मी कुठे मग एकटा होतो नदीशी' केलं, पण तिथे 'मग'च्या दोन लघूंचा एक गुरू धरावा लागतो. ती सूट घेऊ का, की 'रे'च बरा?