बंदगळ्याचं माप: छाती ४२ सांगितली, तर शिंप्याने मान आणि शोल्डर मागितलं

निखिल:

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात सांगलीला धाकट्या भावाचं लग्न आहे. रिसेप्शनला घरच्या सगळ्या पुरुषांनी बंदगळा घालायचा असं ठरलंय. कापड घेतलंय आणि कापड पेठेतल्या ओळखीच्या शिंप्याकडे ते पोचलंही आहे. मी त्यांना फोनवर माझी साईज ४२ सांगितली. ते म्हणाले, "छाती नंतर बघू, आधी मान आणि शोल्डर सांगा. मान चुकली तर माझ्या हातात काही राहत नाही."

उन्हाळ्यात सांगलीत एक तयार बंदगळा घालून पाहिला होता. ४२ छातीला आणि खांद्यांत बरोबर बसला, पण कॉलरचा हूक लागेना, मध्ये इंचभर फट राहिली. ४४ ची कॉलर लागली, पण शोल्डर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच खाली उतरलं. मी लग्नाच्या जेमतेम आठवडाभर आधी पोचणार, म्हणजे मापं इथूनच कळवावी लागतील. मान नक्की कुठे मोजायची? आणि कापडात जास्तीचा दाब ठेवून कॉलर नंतर सैल करता येत नाही का?

संदीप:

निखिल, सोपं आहे. तुझ्या फॉर्मल शर्टाच्या कॉलरवर आकडा छापलेला असतो, तोच कळव. मी माझ्या बंदगळ्याला तेच केलं. नाहीतर सरळ ४४ घे आणि सांगलीत बाजूने दाबून घे, शिवण्यापेक्षा स्वस्त पडेल.

मेधाताई:

अरे, इतका विचार कशाला? आमच्या ह्यांचं खादीचं जाकीट आहे, त्याचं वरचं बटण आम्ही कधी लावतच नाही. झब्ब्यावर मोकळंच छान दिसतं. छातीला बसलं की झालं.

अरुणकाका:

मेधाताई, तुम्ही म्हणताय ते बिनबाह्यांचं जाकीट. ते उघडं घातलं तरी शोभतं, म्हणून तिथे छातीच्या मापावर भागतं. निखिलला हवाय तो बाह्यांचा बंद गळ्याचा कोट. त्याची कॉलर लावावीच लागते. हूक काढला की दोन्ही टोकं कोपऱ्यांतून बाहेर वळतात आणि समोरची पट्टी वाकडी दिसते.

माझ्या वडिलांचं सांगलीत शिवणकामाचं दुकान होतं. मीही तिथे मशीनवर बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साध्या सुटाच्या कोटाला गळा म्हणजे एक उघडी जागा असते. मान पंधरा असो की सतरा, कोटाला फरक पडत नाही. बंदगळ्यात गळा म्हणजे पूर्ण कडं. कॉलरची दोन टोकं बरोबर मध्यावर एकमेकांना भिडतात, एकावर एक चढत नाहीत. शर्टाचं बटण सरकवून थोडं सैल करता येतं, इथे तशी सोय नाही. पाव इंच कमी पडलं तरी हूक ताणतो आणि टोकांमध्ये उलट्या व्हीसारखी फट दिसते.

आता दाबाचं. छातीला बाजूच्या शिवणीत कापड सोडलेलं असतं, त्यामुळे दोन्ही बाजू मिळून दीड-दोन इंच सहज सैल करता येतात. गळ्याच्या शिवणीत मात्र जेमतेम पाव-अर्धा इंच कापड असतं, आणि गोलाई नीट वळावी म्हणून त्यालाही कात्रीने चिरा दिलेल्या असतात. शिवाय कॉलरच्या आतलं बकरम अगदी नेमक्या मापाला कापलेलं असतं. तिथे जास्तीचं कापड कोंबलं तर कॉलर उभीच राहणार नाही.

गळा खाली उतरवून मोठा करता येतो, पण त्याचा हिशोब बघ. चारी बाजूंनी फक्त पाव इंच कापलं तर गळ्याचा घेर जवळजवळ दीड इंचाने वाढतो. म्हणजे जुनी कॉलर त्याला पुरत नाही, नवी करावी लागते आणि तीही त्याच कापडातून. म्हणून शिंप्याला आत्ताच सांग, वीस-बावीस इंच लांब आणि पाच इंच रुंद असे दोन तुकडे उरलेल्या कापडातून बाजूला ठेवा. एक कॉलरच्या वरच्या भागाला, एक आतल्या. ऐनवेळी तेच उपयोगी पडतात.

संदीप, शर्टाच्या आकड्यावरून अंदाज येतो, पण तो आकडा थेट बंदगळ्याला लावू नये. शर्टाची कॉलर मानेवर जरा वर बसते. बंदगळ्याची कॉलर मानेच्या मुळाशी बसते, जिथे मान खांद्याला मिळते. तिथला घेर मोठा असतो, व्यायाम केलेल्या माणसाचा तर बराच मोठा. आमच्याकडे तालमीतली मुलं यायची. छाती चाळीस-बेचाळीस, पण मान बघितली की वडील आधी टेप मानेलाच लावायचे. शिवाय निखिल, तू शर्टाचं वरचं बटण रोज लावतोस का? लावत नसशील तर तो आकडा तुला होतो की नाही हेच माहीत नाही.

४४ घेऊन दाबायचं म्हणशील, तर छाती दाबता येईल. शोल्डर कमी करायला मात्र दोन्ही बाह्या उसवायच्या, अस्तर सोडवायचं, खांदा कापायचा आणि बदललेल्या मुंढ्यात बाही पुन्हा बसवायची. जवळजवळ अर्धा कोट नव्याने शिवल्यासारखं होतं.

माप असं घे. बंदगळ्याच्या आत जो शर्ट किंवा झब्बा घालणार आहेस तो घाल. आरशासमोर सरळ उभा राहा, हनुवटी ना वर ना खाली. टेप मागे मानेच्या हाडाखाली आणि पुढे गळ्याच्या खळगीच्या जरा वर येऊ दे. टेप टेकलेली हवी, आवळलेली नको. मोजताना आकडा वाचायला खाली बघू नकोस, दुसऱ्याकडून वाचून घे. शोल्डर पाठीमागून, एका खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. छाती काखेतून, टेप पाठीवर आडवी ठेवून.

आणि पट्टी कॉलरचा एखादा झब्बा बटण लावून नीट बसत असेल तर तो पलंगावर पसर आणि कॉलर खालच्या शिवणीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोज. मानेवर घेतलेलं माप पडताळायला याच्याइतका चांगला मार्ग नाही.

निखिल:

काका, मनापासून आभार. बायकोने मापं घेतली. शर्टाच्या कॉलरवर साडेसोळा आहे, पण वरचं बटण मी कधी लावत नाही, तुमचा अंदाज खरा. नुसत्या मानेच्या मुळाशी १७, पट्टी कॉलरच्या शर्टावरून सव्वासतरा. छाती ४२, शोल्डर साडेअठरा. घरी एक झब्बा आहे, गळ्याचं बटण लावून आरामात बसतो, त्याची कॉलर पावणेअठरा निघाली.

एक गोष्ट कळत नाहीये. त्या तयार ४४ ची कॉलर लागत होती, पण पुढे गळ्याला टोचत होती आणि मागे मात्र बोटभर जागा होती. एकाच वेळी घट्ट आणि सैल कशी?

अरुणकाका:

आकडे एकमेकांना धरून आहेत. शर्टावरून सव्वासतरा, त्यात अर्धा इंच मोकळीक, म्हणजे तयार कॉलर पावणेअठरा. झब्ब्याचंही तेच आलं. शिंप्याला कळवताना स्पष्ट सांग की पावणेअठरा ही तयार कॉलर आहे, अंगावरचं माप सव्वासतरा. नाहीतर ते सवयीने आणखी अर्धा इंच वाढवतील. छाती अंगावर ४२ अशी सांग, त्यात साधारण चार इंच लूज ते स्वतः धरतील. शोल्डर साडेअठराच, त्यात काही मिळवायचं नसतं.

पुढे टोचणं आणि मागे जागा राहणं, यात मापापेक्षा मान पुढे झुकलेली असण्याचा भाग आहे. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांत हे फार दिसतं. घेर तोच, पण गळा कुठे किती कापलाय ते बिघडतं. अशा माणसाला पुढचा गळा थोडा खाली आणि मागचा थोडा वर कापतात. म्हणून मापांबरोबर एक फोटो पाठव, बाजूने, नेहमी उभा राहतोस तसा. मुद्दाम ताठ उभा राहून काढलेला फोटो काही कामाचा नाही. एक पाठीमागूनही पाठव, खांदे किती उतरते आहेत ते कळतं. उतरत्या खांद्यांना सरळ खांद्याचा कोट घातला की गळ्यापासून काखेकडे तिरप्या सुरकुत्या पडतात. उलट खांदे चौकोनी असले की मागे कॉलरखाली आडवी वळी येते.

कॉलरची उंची कळवायला विसरू नकोस. मान आखूड असेल तर सव्वा इंच बस, लांब असेल तर दीड. त्याहून उंच कॉलर खाली बघताना हनुवटीला लागते.

संदीप:

काका, अर्धा इंच मोकळीक कमी नाही का? रिसेप्शनला तीन-चार तास उभं राहायचं, जेवायचं, वाकून मोठ्यांच्या पाया पडायचं. मी पूर्ण एक इंच ठेवली होती आणि मला त्याचा त्रास झाला नाही.

अरुणकाका:

तुझी मान बारीक असेल तर इंच चालून जातो. सतरा इंची मानेला इंचभर ठेवलं की कॉलर गळ्यापासून सुटते आणि फोटोत आतला शर्ट दिसतो. तरी हा थोडा सवयीचा भाग आहे, काहींना गळ्याला काहीही टेकलेलं सोसत नाही. निखिलला तो झब्बा तीन तास घालता येतो का, हे त्याने घरी घालूनच पाहावं. खुर्चीवर बसून, मान वळवून, घोट गिळून. बसल्यावर कोट वर सरकतो आणि कॉलर गळ्याला लागते, त्यामुळे उभं राहून पाहिलेलं पुरत नाही.

प्राची:

मध्येच लिहिते, माझ्या भावाचा बंदगळाही असाच दुरून शिवून घेतला होता. मापं सगळी बरोबर होती, पण मधल्या दोन महिन्यांत त्याचं वजन वाढलं. छाती सैल करून झाली, कॉलर मात्र शेवटपर्यंत टोचत राहिली. निखिल, निघायच्या आधी मान पुन्हा मोज. आणि शिंप्याला विचार की कॉलर तू पोचेपर्यंत नुसत्या कच्च्या टाक्यांवर ठेवता येईल का. तसं असेल तर ट्रायलला आल्यावर पक्की करता येते.

निखिल:

विचारलं. ते म्हणाले कॉलर कच्ची ठेवतो, पण ट्रायलनंतर तीन दिवस तरी लागतील. ते जमेल. उरलेले तुकडेही बाजूला ठेवलेत. फोटो आज पाठवतो.

आणखी एक, काका. भावाने स्वतःसाठी जांभळी मखमल घेतलीय. त्याच्या कोटालाही हाच सगळा नियम ना?

अरुणकाका:

माप तसंच, पण मखमलीत एक अडचण वाढते. टाका उसवला की त्याची खूण कापडावर राहते. म्हणून त्याच्या कॉलरची आणि गळ्याची ट्रायल मखमलीवर नको. आधी मांजरपाटात गळा, खांदे आणि कॉलर एवढंच शिवून त्याच्या अंगावर घालून बघायला सांग. तो सांगलीतच आहे, संध्याकाळी दुकानात जाऊन येईल. ते बसलं की मगच मखमल कापू द्या.