'घरवात' म्हणजे नेमकं काय?

विद्या (कर्वेनगर): आमच्याकडे दर गुरुवारी संध्याकाळी चार-पाच घरची माणसं जमून ज्ञानेश्वरांचा अमृतानुभव वाचतो. सगळी प्रपंचातली. कुणी निवृत्त, कुणी ऑफिसातून परस्पर येतं. पहिल्याच प्रकरणात, शिवशक्तीच्या वर्णनात, या दोन ओव्यांपाशी अडकलो आहोत.

घरवाते मोटकीं दोघें । जैं गोसावी सेजे रिगे ।
तैं दंपत्यपणें जागे । स्वामिणी जे ॥

जया दोघांमाजि एकादें । विपायें उमजलें होय निदें ।
तरी घरवात गिळुनि नुसुधें । कांहीं ना करी ॥

'घरवात' ही घरातल्या दिव्याची वात आहे, असं एकाचं म्हणणं. दुसरे गृहस्थ म्हणाले, "सरळ आहे, नवरा झोपला की घर बायकोनं ओढायचं, तेच माउलींनी लिहिलंय." त्यावर आम्ही बायका गप्प बसलो, पण मनातून पटलं नाही. एकतीस वर्षं घर चालवल्यावर, त्याला ओवीतून असा शिक्का मिळाला तर वाईट वाटतं. म्हणून आधी शब्द नीट कळू दे. घरवात म्हणजे काय, आणि 'दंपत्यपणें जागे' म्हणजे कसं जागं राहणं?

मंदार: विद्याताई, दिव्याची वात हाच अर्थ मला बरोबर वाटतो. याच प्रकरणात थोडं पुढे 'दोहों दिवीं दीप्ती एकीचि' असं आलंय. दिवे दोन, उजेड एक. म्हणजे दिव्याची प्रतिमा ज्ञानेश्वरांच्या मनात होतीच. घरात दोन मोठ्या वाती, एक मालवली की दुसरी जागते. दुसऱ्या ओवीत वातच गिळली म्हणजे अंधार. सगळं जुळतं. आणि हे मुळात सांख्यांचे पुरुष-प्रकृती आहेत. पुरुष नुसता बघणारा, काम सगळं प्रकृतीचं.

रूपाली: मला वेगळाच प्रश्न पडलाय. गोसावी शेजेवर कसा? भगवी वस्त्रं घालणारा, दारोदार फिरणारा माणूस या जोडप्याच्या घरात आला कुठून? का हे आमच्या गावच्या गोसाव्यांच्या मठाबद्दल आहे?

आबा (नारायण पेठ): रूपाली, हा 'गोसावी' म्हणजे धनी, मालक. 'गोस्वामी'वरून आलेला शब्द, आणि त्या काळी मालकाला, देवाला, गुरूला सगळ्यांनाच लागायचा. समोर 'स्वामिणी' ठेवली आहे ना, म्हणजे घरचा धनी आणि घरची धनीण. मठाचा इथे संबंध नाही.

मंदार, दिव्याच्या ओवीची आठवण तू चांगली काढलीस. पण 'मोटकीं' म्हणजे मोठी नव्हे. मोटकें म्हणजे जेमतेम, थोडकं. 'मोटकीं दोघें' म्हणजे काय ती दोघंच. वातीच्या अर्थाला खरा अडथळा मात्र व्याकरणाचा आहे. दिव्याची वात संस्कृत 'वर्ति'वरून आली. मूळ शब्द इकारान्त, म्हणून तिचं रूप आपण आजही 'वातीला', 'वातीनं' असं करतो, जसं रात्रीचं 'राती'. तो शब्द असता तर ओवीत 'घरवाती' आलं असतं. आलंय 'घरवाते'. हा एकार आकारान्त स्त्रीलिंगी शब्दाचा. 'जिह्वा'ची जीभ झाली आणि तिचं 'जिभे'. तशी 'वार्ता'ची वात आणि तिचं 'वाते'. हिंदीतली 'बात' आणि गुजरातीतली 'वात' याच वार्तेच्या मुली. तेव्हा घरवात म्हणजे घरची गोष्ट, घरचा सगळा व्यवहार, आपण ज्याला घरसंसार म्हणतो तो. 'या संसारात काय ती दोघंच आहेत' इथून ओवी सुरू होते.

मंदार: वाती आणि वाते, हे लक्षातच आलं नव्हतं. पण नक्कल करणाऱ्यानं एक वेलांटी मात्रेसारखी वाचली तर? जुन्या पोथ्यांत असं होतंच की.

आबा: होतं, आणि एका ओवीच्या जोरावर मी शपथ घेणार नाही. पण दुसऱ्या ओवीतला 'घरवात गिळुनि' बघ. एकानं उमजून वात गिळली तर घर अंधारात उरेल. ओवी म्हणते, काहीच उरत नाही. त्याला संसार हाच अर्थ पुरतो.

सांख्यांचं म्हणशील तर तिथे दोन तत्त्वं खरोखर वेगळी आहेत. प्रकृती जड आहे, पुरुष तिच्यापासून सुटला की मोकळा होतो. त्या जोडीचं सार्थक काडीमोडात. ज्ञानेश्वर नाथपंथी, त्यांचा कल शैवांचा. शिव म्हणजे निखळ जाण, जिच्यापुढे जाणायला अजून काही नाही. शक्ती म्हणजे त्या जाणिवेचीच उमलण्याची ताकद. वेगळी काढायला गेलं तर निवाडाच पांगळा होतो, असं ते गूळ आणि गोडी, कापूर आणि परिमळ यांच्यावरून सांगतात. गुळाच्या ढेपेतून गोडी वेगळ्या डब्यात भरता येत नाही, तशी इथे फारकत होत नाही.

विद्या: म्हणजे धनी झोपला याचा अर्थ काय घ्यायचा?

आबा: जाणिवेपुढे जाणायची वस्तू नाही, ती स्वतःतच निवांत आहे, ते शेजेवर जाणं. अशा वेळी बघणारा आणि दिसणारं, जाणणारा आणि जाणायचं, ही जोडी कुणी उभी करायची? ती एकटी करते. म्हणून 'दंपत्यपणें जागे'. बायको म्हणून जागी नाही, जोडपं म्हणून जागी. 'पत्नीपणें' हा शब्द त्या जागी बसवून पाहा, विद्याताई. ओवीचा अर्थ लगेच अर्धा होईल.

आणि तुमच्याकडच्या गृहस्थांना दुसऱ्या ओवीतला 'एकादें' दाखवा. एकादा नाही, एकादी नाही. 'उमजलें' हेही नपुंसकलिंगी. दोघांपैकी कुणीही एक जागं झालं तर, एवढंच माउली म्हणतात. ग्रंथाची पहिलीच ओवी घ्या, 'निरुपाधिकें', 'जनकें', 'तियें', आणि शेवटी 'देवोदेवी'. मराठीत बाई-पुरुष मिळून झालं की आपण 'ती दोघं आली' म्हणतो, तसं हे नपुंसकलिंग. आपल्या रोजच्या व्याकरणातली ही सोय त्यांनी तत्त्वज्ञानाच्या कामाला लावली आहे, असं मला वाटतं. ज्या जोडीला तो किंवा ती म्हणता येत नाही, तिला मराठीत म्हणायला शब्द तयार होता.

शर्वरी: दुसऱ्या ओवीचं पटलं. पण आबा, पहिलीत झोपतो तो गोसावीच आणि जागते ती स्वामिणीच. तिथे नपुंसकलिंग नाही. पुढेही नवरा निजलेला असताना ती चराचराला जन्म देते, असं आहे. मग घराघरांतून बाईनंच राबायचं असा अर्थ लोकांनी काढला तर त्यात त्यांचीच चूक का?

आबा: तुझा आक्षेप खरा आहे. प्रतिमा घेतली ती त्या काळच्या घरातून, आणि त्या घरात हेच दिसत असणार. माझं म्हणणं इतकंच, की ओवी त्या दृश्याचा नियम करत नाही. पुढे दोघं एकमेकांचे आरसे आहेत असंही आहे. त्यानं तुझं पूर्ण समाधान होईल असं नाही.

प्रसाद (धनकवडी): आमच्या घरात उलटं आहे, म्हणून सांगतो. बायको नर्स, महिन्यातून दहा-बारा रात्री ड्यूटी. सकाळी ती येऊन झोपते तेव्हा मुलीचा डबा, दूध, कामवाल्या मावशी, सगळं मी बघतो. शाळेच्या वहीवर सही कधी माझी, कधी तिची. माझ्यापुरता 'दंपत्यपणें जागे'चा अर्थ असा, की त्या वेळी मी माझ्या एकट्याच्या मतानं काही ठरवत नाही. तिनं काय केलं असतं ते धरूनच करतो. चुकत असेन तर सांगा.

आबा: शक्तीच्या ओवीत तुम्ही स्वामिणीच्या जागी बसलात, आणि ओवी मोडली नाही. मला तरी चूक दिसत नाही.

वसंत (सहकारनगर): मी तीन वर्षांपूर्वी एकटा झालो. मागच्या महिन्यात वास्तुशांतीला गुरुजींनी माझ्या कमरेला सुपारी खोचली. पत्नी शेजारी नसेल तर अशी सुपारी लावून संकल्प सोडतात. आयुष्यात पहिल्यांदाच ती माझ्या कमरेला आली. सगळा वेळ हात तिकडे जात होता. ते दंपत्यपण आणि ओवीतलं दंपत्यपण एकच का? मला याचं उत्तर खरोखर हवंय.

आबा: वसंतराव, एकच म्हणायला मन धजत नाही. सुपारी ही नसलेल्याच्या जागी ठेवलेली खूण आहे. ओवीत कुणी गेलेलं नाही, एक निजलेलं आहे. पण विधी करणाऱ्यांनाही एकट्या माणसाच्या हातून संकल्प पुरा वाटला नाही, ही समजूत कुठेतरी त्याच ठिकाणाहून आलेली असावी. याहून जास्त मला सांगता येत नाही.

शर्वरी: मला अजून 'उमजलें होय निदें' नीट लागलं नाही. झोपेतून जागं झालं, की झोपेतच उमजलं? अर्थ फार बदलतो.

आबा: रूढ अर्थ झोपेतून जागं होण्याचा. म्हणजे आपण दोन नाही हे एकाला कळलं की दोघांचा संसारच शिल्लक राहत नाही. बघणारा-दिसणारं हा भेद, म्हणजे हे सगळं जग, गिळलं जातं. पण 'निदें' हे रूप 'निद्रेत' असंही लावता येईल. मी अनेक वर्षं एकच अर्थ धरून बसलो होतो, आज तुझ्या प्रश्नानं पुन्हा बघतो आहे.

मंदार: गिळण्यावरून आठवलं, याच प्रकरणात जेवणाचीही एक ओवी आहे ना?

आबा: आहे.

जिया चेवविला शिवु । वेद्याचें बोणें बहु ।
वाढितेणेंसी जेवूं । धाला जो ॥

तिनं शिवाला उठवलं, जाणायच्या वस्तूंचं भरगच्च बोणं वाढलं, बोणं म्हणजे नैवेद्याचं अन्न, आणि तो वाढणारीसकट जेवून तृप्त झाला. सगळा भर 'वाढितेणेंसी'वर आहे. ताट रिकामं झालं तेव्हा वाढणारीही वेगळी उरली नाही.

वसंत: आमच्याकडे ती मला वाढून मगच पान घ्यायची. कितीही सांगितलं तरी सोबत बसली नाही. हा शब्द मी आज पहिल्यांदा वाचला.

विद्या: वसंतकाका, येत्या गुरुवारी आमच्याकडे याल का? संध्याकाळी साडेसहाला सुरू करतो. या वेळी घरवातेच्या दोन ओव्या सोडून थेट 'वाढितेणेंसी'पाशी बसू, आणि नंतर पिठलं-भात सगळ्यांनी एका पंगतीत वाढून घेऊ. आबा, 'धाला' म्हणजे तृप्त झाला हे कळलं, पण 'धाय' आणि आपलं 'धायधाय रडणं' यांचा काही संबंध आहे का, तेवढं त्याआधी बघून ठेवाल?