नडगी दुखतेय: शिन स्प्लिंट्स की स्ट्रेस फ्रॅक्चर? तुमचे अनुभव लिहा

पहाटपळ
वय ३८. जूनमध्ये पळायला लागले, त्याआधी फक्त चालायचे. सप्टेंबरातल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलंय, त्या घाईत सहा आठवड्यांत आठवड्याचे ८ किलोमीटर २६ वर नेले. आता उजव्या नडगीची आतली कड दुखते. घोट्याच्या वर चार बोटं सोडली की तिथून साधारण वीतभर. पहिला किलोमीटर नको होतो, अंग तापलं की दुखणं कमी होतं, आणि घरी येऊन जिना उतरताना परत ठणका. एक जण म्हणतो लक्ष देऊ नकोस, दुसरा म्हणतो हाडाला चीर असेल. ज्यांना झालंय त्यांनी लिहा: नेमकं कुठे दुखायचं, कधी दुखायचं, आणि काय आहे ते कशावरून कळलं?

भरती१६००
ताई, पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करताना आमच्याकडे बहुतेक पोरांची नडगी धरते. मी डांबरी सोडून शाळेच्या मैदानावर आलो, रोजचं पळणं दिवसाआड केलं, तीन आठवड्यांत गेलं. बर्फ लावा आणि पळत राहा. थांबलात तर पाय आखडतो.

निवांत_सांगली
माझ्या वडिलांना रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. केळी खाल्ल्याने फरक पडला. तुम्हीही करून बघा.

घाटवाट
निवांत, गोळा स्नायूत येतो. इथे प्रश्न हाडाचा आहे.

मला दोन्ही झालंय. सुरुवात अगदी तुमच्यासारखी, लांब पट्टा. मी थांबले नाही, उलट पळायच्या आधी वेदनाशामक गोळी घ्यायचे. पाचव्या आठवड्यात तो पट्टा आटत आटत रुपयाच्या नाण्याएवढा झाला. बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा. अंग तापल्यावर दुखणं कमी होण्याऐवजी दर किलोमीटरला वाढायला लागलं. मग चालतानाही दुखायचं, आणि शेवटी रात्री कुशीवर वळताना जाग यायची.

एक्स-रे स्वच्छ आला. 'स्नायूच असेल' असं ऐकून मी खूश झाले आणि त्याच पायावर दहा किलोमीटर पळाले. तीन आठवड्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला, त्यात चीर दिसली. पुढचे आठ आठवडे पळणं बंद, त्यातले पहिले तीन पायात आधाराचा बूट.

त्या डॉक्टरांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, पाळी वेळेवर येते का? चार महिने आली नव्हती. वजन उतरवायला मी रात्रीचं जेवण सोडलं होतं, आणि पाळी चुकली ती पळण्यामुळे असेल म्हणून सोडून दिलं होतं. बायकांनो, हे लपवू नका. शरीराला पुरेसं खाणं मिळालं नाही की हाड स्वतःची डागडुजी करू शकत नाही.

फिजिओ_नाशिक
घाटवाट यांनी लिहिलेला बदल नीट वाचा: पट्ट्याचा ठिपका होणं, आणि तापल्यावर बरं वाटायचं ते बंद होणं. मी पेशंटच्या नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा खालून वर सावकाश दाबत नेते. पाच सेंटिमीटरपेक्षा लांब भाग सारखाच दुखत असेल तर बहुधा शिन स्प्लिंट्स. एकाच जागी दचकून पाय ओढून घेतला तर मी पळणं त्याच दिवशी थांबवते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये चीर बरेचदा दिसतच नाही, त्यामुळे स्वच्छ एक्स-रेवर विसंबू नका.

दुखणं आतल्या कडेला नसून नडगीच्या समोरच्या धारेवर, मध्यावर असेल तर अजिबात वाट बघू नका, लगेच हाडांच्या डॉक्टरांना गाठा. तिथली चीर भरायला फार वेळ घेते आणि कधी हाड पूर्ण मोडतं.

भरती१६००, तुमचं बरं झालं ते मुख्यतः दिवसाआड पळल्यामुळे. मैदानाचा वाटा किती, हे मला ठामपणे सांगता येणार नाही.

भरती१६००
मैदानाचा फरक पडतोच मॅडम, मी अंगावर काढलंय. पण आमच्यातल्या एकाला तीन महिने घरी बसावं लागलं. त्याचंही एकाच जागी दुखायचं, आम्ही त्याला पळवत राहिलो. ते तेव्हा कळायला हवं होतं.

रनर_ठाणे
माझं शिन स्प्लिंट्स नवे बूट घेतल्यावर गेलं. त्याच महिन्यात पळणंही निम्मं केलं होतं, त्यामुळे श्रेय कशाला द्यायचं कळत नाही. परत वाढवताना आधी अर्धा तास भराभर चालून दुखत नाही ना ते बघायचो, मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी दुखली तर एक पायरी मागे.

पहाटपळ
आत्ता पलंगावर बसून अंगठा फिरवला. वीतभर सगळीकडे दुखतं, पण मधे एक जागा आहे, तिथे जरा जास्त. दचकण्याइतकं नाही, पण बाकीच्यासारखंही नाही. डाव्या पायावर तीच जागा दाबली तर काहीच नाही. रात्री दुखत नाही, पाळी वेळेवर आहे. शुक्रवारी डॉक्टरांकडे जाते, तोवर पळणं बंद. शर्यतीतला यवतेश्वरचा घाट यंदा चढायचा की नाही, ते त्यानंतर बघते.