मदत हवी आहे: 'आधी गळती, मग फूट' तपासताना वेल्डचा शिल्लक ताण किती धरायचा?

कोल्हापूर, शिरोली एमआयडीसीतली हवेची टाकी. आतली त्रिज्या ६०० मिमी, जाडी १२ मिमी, दाब १.५ एमपीए, म्हणजे हूप ताण ७५ एमपीए. उभ्या वेल्डच्या कडेला आतून १६० मिमी लांब, ३ मिमी खोल भेग आहे. खोली यूटीने, लांबी एमपीआयने घेतली. टाकी सध्या बंद आहे.

भेग आरपार गेल्यावर उरलेली ९ मिमी जाडी दोन्ही टोकांना मिळवून लांबी १७८ मिमी धरली, म्हणजे c = ८९ मिमी. फुगवट्याचा गुणक M = √(1 + 1.61c²/Rt) = १.६६.

K = Mσ√(πc) सुमारे ६६ एमपीए√मी. चार्पीवरून काढलेली, सर्वात कमी तापमानाची टफनेस १०० आहे. इथवर टाकी गळेल, फुटणार नाही.

घोळ पुढे आहे. वेल्डनंतर उष्णोपचार झालेला नाही. शिल्लक ताण यील्डइतका, २६० एमपीए, सगळ्या जाडीभर धरला तर एकट्या त्याचाच K १३७ होतो आणि निकाल उलटतो. पण हा ताण जाडीत बराचसा वाकणाऱ्या प्रकारचा असतो, आरपार भेगेत तो सुटायला हवा. भेग घासून भरायचा पर्याय आहेच. प्रश्न हिशोबाचा आहे.

आरपार भेगेसाठी या ताणाचा फक्त पडद्याचा भाग घेतलेला चालतो का, आणि वेल्डला आडव्या दिशेने तो यील्डच्या किती टक्के धरता?