14 महिन्यांनी फी, 2032 मध्ये घर: शॉर्ट ड्युरेशन की लाँग?

कौलारू:
प्लॉट विकला, कर वगैरे जाऊन 15 लाख हातात आहेत. त्यातले 6 लाख पुढच्या वर्षी जुलैत मुलीच्या पदव्युत्तर प्रवेशाला लागतील, म्हणजे साधारण 14 महिने. उरलेले 9 लाख मी 2032 मध्ये निवृत्त झालो की चिपळूणजवळचं वडिलांचं घर पुन्हा बांधायला. शेअर बाजार नको. एजंट म्हणतात व्याजदर उतरताहेत, सगळं लाँग ड्युरेशन डेट फंडात, म्हणजे लांब मुदतीच्या रोख्यांच्या फंडात टाका. मित्र म्हणतो सगळं शॉर्टमध्येच ठेव. कोणाचं ऐकू?

रेपोनिरीक्षक:
एजंटचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. दर उतरले की जुन्या रोख्यांची किंमत वाढते आणि रोखा जितका लांबचा तितकी जास्त वाढते. फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे बँकांना कर्ज देण्याचा आपला दर, 6.50 वरून 5.50 टक्क्यांवर आणला. मी 2024 पासून गिल्ट, म्हणजे सरकारी रोख्यांच्या फंडात होतो, त्या काळात चांगली वाढ मिळाली. शॉर्टमध्ये मुदत ठेवीएवढंच मिळतं. मग 6 लाखांवरचा फायदा का सोडायचा?

रोखेविभाग:
सहकारी बँकेच्या ट्रेझरीत 22 वर्षं काढली, त्या अनुभवावर लिहितो.

रेपोनिरीक्षक, किंमत आणि दराचं नातं तुम्ही बरोबर सांगितलंत. पण रेपो उतरला म्हणजे लांब मुदतीचे दर उतरलेच, असं नसतं. 6 जून 2025 आठवा. त्या दिवशी रेपो एकदम अर्ध्या टक्क्याने कमी झाला आणि तरी पुढच्या महिन्यांत लांबच्या रोख्यांचे दर वर गेले. कारण त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने धोरणाचा पवित्रा 'उदार'वरून 'तटस्थ'वर आणला आणि यापुढे कपातीला फार जागा नाही, असा अर्थ बाजाराने काढला. रेपोची पकड एक-दोन वर्षांच्या कागदावर, म्हणजे रोख्यांवर, घट्ट असते. 30 वर्षांच्या रोख्याचा दर ठरतो तो पुढची महागाई काय राहील, सरकार किती कर्ज काढणार आणि ते विकत घ्यायला विमा कंपन्या किती पुढे येणार, यावर. केवळ कपातीच्या बातमीवर लाँगमध्ये शिरलेल्यांचे फंड तेव्हा खाली आले.

आता कौलारू यांचे 6 लाख घेऊ. समजा फंडाचं ड्युरेशन 7 आहे आणि त्यातल्या रोख्यांचा परतावा 7 टक्के. 14 महिन्यांत साधारण 49 हजार व्याज जमेल. आता प्रवेशाच्या आदल्या महिन्यात बाजारातले दर एका टक्क्याने चढले तर किंमत सुमारे 7 टक्क्यांनी उतरेल, म्हणजे 45 हजार. हातात उरले 4 हजार. ड्युरेशन 10 असेल तर मुद्दलातूनच 15-16 हजार जातील. तोच धक्का वर्षाच्या आतल्या ड्युरेशनच्या फंडाला बसला तर 5 हजारांच्या आसपास घट, आणि कमावलेल्या व्याजातून ती सहज पचते.

एक टक्का म्हणजे फार झालं, असंही नाही. 4 मे 2022 ला रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता रेपो वाढवला. त्या वर्षाच्या सुरुवातीला 10 वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर साडेसहाच्या आसपास होता, जूनपर्यंत तो साडेसातच्या वर गेला. कॉलेजची फी भरायची तारीख कोणी रिझर्व्ह बँकेला विचारून ठरवत नाही.

सातारकर_वहिनी:
दादा, एक शंका. लाँगमध्ये टाकले तर 7 वर्षं पैसे काढताच येत नाहीत ना? मग मुलीच्या फीसाठी तो पर्याय उरतोच कुठे?

रोखेविभाग:
नाही वहिनी, उघड्या फंडातून पैसे केव्हाही काढता येतात, दोन-तीन दिवसांत खात्यात येतात. ड्युरेशनचा आकडा कुलुपाचा नाही. दर हलले की किंमत किती हलेल, हे तो सांगतो. कुलूप नसल्यामुळेच गैरसमज होतो की केव्हाही काढले तरी तितकेच मिळतील.

पुन्हा_एकदा:
शॉर्टची एवढी शिफारस करताय म्हणून माझं सांगते. आमचे निवृत्तीचे पैसे 'शॉर्ट' नावाच्याच फंडात होते. एप्रिल 2020 मध्ये त्या फंड घराण्याने सहा योजना एका रात्रीत गुंडाळल्या. सकाळी मोबाइलवर संदेश आला, यजमानांनी तो तीनदा वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. त्यांची बायपास त्याच वर्षी व्हायची होती. नंतर हप्त्याहप्त्याने सगळे पैसे आले, पण गरज होती तेव्हा भावाकडून उसने घ्यावे लागले. तेव्हा शॉर्ट म्हणजे सुरक्षित हे कोणी मला सांगू नका.

रोखेविभाग:
ताई, तुमचं दुखणं खरं आहे आणि हे कौलारूंनीही वाचायला हवं. मात्र तुमच्या फंडात गडबड मुदतीची नव्हती, कर्जदारांची होती. कमी पत असलेल्या कंपन्यांचे कागद जास्त व्याजासाठी घेतले होते. लोक एकदम पैसे मागू लागले आणि ते कागद विकत घ्यायला बाजारात कोणी नव्हतं. म्हणून दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात. दर महिन्याच्या फॅक्टशीटमध्ये मॉडिफाइड ड्युरेशन बघायचं आणि त्याच पानावर पतमानांकनाचा तक्ता बघायचा. सरकारी रोखे आणि सर्वांत वरच्या पतीचे ट्रिपल ए कागद सोडून डबल ए किंवा त्याखालचं बरंच दिसलं, तर नावात शॉर्ट असो की अल्ट्रा शॉर्ट, फीचे पैसे तिथे नकोत. बाकीच्या फंडांपेक्षा एखाद्याचा परतावा टक्काभर जास्त दिसत असेल, तर तो बहुतेक वेळा याच तक्त्यातून आलेला असतो.

ठेवपावती:
इतका खटाटोप कशाला? 1 एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या डेट फंडाच्या नफ्यावर स्लॅबप्रमाणेच कर लागतो, कितीही वर्षं ठेवा. महागाईएवढा नफा करातून वगळणारं इंडेक्सेशन गेलं. मग 6 लाखांच्या दोन मुदत ठेवी दोन बँकांत करा. प्रत्येकीवर 5 लाखांपर्यंत विमा आहे आणि जुलैत किती मिळणार तो आकडा आज पावतीवर छापून मिळतो. 9 लाखांचंही तेच. दर दोन वर्षांनी नवी पावती करायची.

रोखेविभाग:
6 लाखांबद्दल मी वाद घालणार नाही. तारीख पक्की, रक्कम पक्की, तिथे ठेव उत्तम. फंडाचा फायदा एवढाच की फी दोन हप्त्यांत भरायची झाली तर लागतील तेवढेच काढता येतात आणि कर काढल्यावरच लागतो. ठेवीवर मात्र पैसे हातात आले नसले तरी दर वर्षीच्या व्याजावर कर द्यावा लागतो.

9 लाखांचं मात्र मला पटत नाही. सतत छोट्या मुदतीत राहिलं तर धोका नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या बाजूने येतो. 2020 मध्ये रेपो 4 टक्क्यांवर आला तेव्हा ज्यांच्या ठेवी नूतनीकरणाला आल्या, त्यांना विचारा. आज 7 टक्के सहा वर्षांसाठी बांधता आले तर 9 लाखांचे साधारण साडेतेरा होतात. वारंवार नूतनीकरण करताना सरासरी 5 पडले तर बारा होतात. जवळजवळ दीड लाखाचा फरक पडला.

रेपोनिरीक्षक:
म्हणजे 9 लाखांसाठी लाँग! मी तेच तर म्हणत होतो.

रोखेविभाग:
अर्धं तेच. 9 लाखांची गरज सहा वर्षांनी आहे, म्हणून ड्युरेशन सहाच्या आसपास हवं. तेवढं असलं की उद्याच दर टक्काभर चढले तरी बिघडत नाही. 9 लाखांचे 8 लाख 46 हजार होतील, पण त्यानंतर व्याज 8 टक्क्यांनी जमत जाईल आणि 2032 मध्ये 13 लाख 42 हजारांपाशी याल. दर हललेच नसते तर 13 लाख 51 हजार झाले असते. फरक जवळजवळ भरून निघाला. पैसे आधी काढले तर मात्र भरपाईला पुरेसा वेळ मिळत नाही.

आता जिथे बहुतेक जण फसतात ते सांगतो. नेहमीचा लाँग ड्युरेशन फंड आपलं ड्युरेशन कमी होऊ देत नाही. नियमानेच ते 7 च्या वर ठेवावं लागतं. तुमची गरज सहा वर्षांवरून एक वर्षावर आली तरी फंड सातवरच. 2031 मध्ये दर चढले तर भरपाईसाठी तुमच्याकडे काही महिनेच उरलेले असतील. म्हणजे आज जुळलेली मुदत पुढच्या वर्षी जुळत नाही.

टार्गेट मॅच्युरिटी फंडात रोखे ठरलेल्या साली संपतात, म्हणून ड्युरेशन दर वर्षी आपोआप उतरत जातं. भारत बाँड एप्रिल 2032 हे एक उदाहरण, त्यात सरकारी कंपन्यांचे ट्रिपल ए रोखे आहेत. हेच काम स्वतः करायचं तर दर वर्षी लाँगमधून मीडियममध्ये, मग शॉर्टमध्ये सरकावं लागेल आणि प्रत्येक सरकण्यावर स्लॅबने कर जाईल.

ठेवपावती:
पण घराची तारीख इतकी पक्की असते का? कोकणातलं जुनं घर आहे. एखाद्या पावसात भिंत बसली तर 2032 ची वाट कोण बघणार?

कौलारू:
हे बरोबर पकडलंत. गेल्या पावसाळ्यात मागच्या पडवीच्या वाशाला वाळवी लागलेली दिसली, बोट दाबलं तर आत गेलं. सुतार म्हणाला, चार वर्षं काढेल, मग सांगता येत नाही. म्हणजे 2032 माझ्या निवृत्तीचं साल आहे, घराचं नाही.

6 लाखांचं ठरलं. निम्मे मुदत ठेवीत, निम्मे वर्षाच्या आतल्या ड्युरेशनच्या फंडात, तोही पतमानांकनाचा तक्ता बघूनच. 9 लाखांचं काय करू?

रोखेविभाग:
मग माझंही उत्तर बदलतं. तारीख डळमळीत असेल तर जवळची तारीख धरायची. सुताराला दोनच प्रश्न विचारा: पडवी आणि वासे बदलायला आज किती लागतील, आणि ते उरलेल्या घराला हात न लावता होईल का. होत असेल तर तेवढे पैसे, समजा अडीच-तीन लाख, एक ते तीन वर्षांच्या शॉर्ट ड्युरेशनमध्ये ठेवा आणि बाकीचे 2032 ला संपणाऱ्या फंडात.

ठेवपावती:
आणि होत नसेल, सगळं एकदमच उतरवावं लागणार असेल तर?

रोखेविभाग:
तर पूर्ण 9 लाखांचं ड्युरेशन चारच्या आत ठेवावं लागेल आणि 2032 चा दर बांधण्याचा फायदा सोडावा लागेल.

रेपोनिरीक्षक:
सुताराच्या अंदाजावर दोन वर्षांचा दर सोडायचा हे मला अजून पटत नाही. अडलंच तर 2032 वाल्या फंडातूनही मधेच काढता येतात, थोडी घट सोसावी लागेल इतकंच.

कौलारू:
शनिवारी गावी जातोय. सुताराला माळ्यावर चढवून सगळे वासे ठोकून बघायला सांगतो आणि त्याने दिलेला आकडा इथे लिहितो.