‘चालली’ला दुसरा शब्द सुचवा, लवकर हवा आहे

अर्धवट_कथा: एका पानात ‘चालली’ चार वेळा आलंय. वाक्य आहे: ‘ती फाटकापर्यंत चालत गेली.’ दुसरे शब्द द्या, कथा आज रात्री पाठवायची आहे.

शब्दवेडा: रमतगमत, झपाझप, तुरुतुरु, लगबगीने, डुलत, पाय ओढत. चार ठिकाणी चार घाला, काम झालं.

मंदा_ताई: अहो शब्दवेडा, तुरुतुरु लहान मूल चालतं. रमतगमत चालणारीला कसली घाई नसते. ही बाई कोण, कुठून निघाली, हे कळल्याशिवाय काय सुचवणार?

सकाळचा_फेरा: चालायचंच असेल तर रोज सकाळी चाला. माझे गुडघे त्यामुळेच सुधारले.

अर्धवट_कथा: काका, कथा आहे हो ही! भावाशी भांडून निघालीये. चिडलेली आहे.

शब्दवेडा: मग ‘रागाने तरातरा’.

मंदा_ताई: तरातरा म्हटल्यावर राग आलाच, ‘रागाने’ काढा. झपाझप मात्र नको. त्यात नुसता वेग आहे, गाडी गाठायची असली तरी माणूस झपाझपच जातो. आता सांगा, तिला खरंच जायचंय का?

अर्धवट_कथा: नाही. भावाने हाक मारावी असं वाटतंय तिला. हे लिहायचं राहिलं.

मंदा_ताई: हेच तर हवं होतं! मग सगळी वाट एका चालीने नको. ‘ती तरातरा अंगण ओलांडून गेली. फाटकाशी घुटमळली. कडी काढायला उगाच वेळ लावला.’ घुटमळण्यात मागे ओढणारं काहीतरी असतं. ‘रेंगाळली’ लिहिलंत तर राग पुरता निवल्यासारखा वाटेल.

साधंसरळ: मला कडीचं वाक्य पुरे वाटतं. आधी ‘गेली’ एवढंच ठेवा. साधं क्रियापद वाचणाऱ्याच्या डोळ्यांत येत नाही. तरातरा, घुटमळली लागोपाठ आले की लेखक हात हलवून दाखवतोय असं होतं.

मंदा_ताई: घुटमळली काढलंत तर चालेल. तरातरा काढलंत तर ती थांबली हे जाणवणारच नाही, आधीचा वेग दिसायला हवा.

साधंसरळ: तो वेग भांडणाच्या संवादातूनच आलेला असेल. आणि उरलेल्या तीन ‘चालली’ कुठे आहेत? ती नुसती या खोलीतून त्या खोलीत जात असेल तर ती वाक्यंच उडवा.

अर्धवट_कथा: दोन तशीच आहेत, उडवली. तिसरीत ती भांडणाआधी खोलीत इकडून तिकडे चालते.

शब्दवेडा: येरझाऱ्या!

मंदा_ताई: हा बरोबर. कुठे पोचायचं नसतं तेव्हाच येरझाऱ्या घालतात, काळजी आपोआप आली.

अर्धवट_कथा: घेतला. पण निघताना तिच्या हातात जड ट्रंक आहे. तरातरा चालेल?

साधंसरळ: हे आत्ता सांगताय?